संदीप, बढतीबद्दल मनापासून अभिनंदन!

सकाळी नोटीस बोर्डावर तुझं नाव वाचलं आणि लगेच घरी फोन लावला. आईला तर माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

सात वर्षं उद्यमबागेत आपण एकाच बाकावर डबा खाल्ला. माझ्या डोळ्यापुढं अजून ती पावसाळ्यातली नाईट शिफ्ट आहे. हाउसिंगच्या कास्टिंगला एकामागून एक ब्लोहोल निघत होते आणि जो तो मोल्डरांवर घसरत होता. तू मात्र मुठीत वाळू दाबून बघितलीस, ओलावा मोजायला लावलास आणि कन्नडमध्ये त्या पोरांची शांतपणे विचारपूस केलीस. पाणी जास्त पडत होतं, वाल्व गळत होता. कुणाचंही नाव वर गेलं नाही. तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस पुढं जाणार.

एक सांगतो. या जागेसाठी मीही अर्ज केला होता, तुला माहीत आहे. मनात काही नाही. निवड योग्य झाली.

उद्यापासून शॉपमध्ये आणि मीटिंगमध्ये मी 'सर' आणि 'तुम्ही'च म्हणणार, तू संकोचू नकोस. नव्या पोरांसमोर ते बरं दिसतं. चहाच्या टपरीवर मात्र तू तूच. माझं काम चुकलं तर मित्र म्हणून झाकू नकोस, सरळ सांग. मलाही काही पटलं नाही तर केबिनमध्ये येऊन तुलाच सांगेन, बाहेर नाही.

रिजेक्शनचा मागच्या महिन्याचा तक्ता सोमवारी सकाळी टेबलावर ठेवतो. संध्याकाळी कुंदा घेऊन घरी येतोय. वहिनींना सांगून ठेव.

तुझा,
महेश