दिवाळी २०२६ : रोजचे ऑर्डर आणि पॅकरची गरज (कुपवाड एमआयडीसी गोडाऊन, सांगली)

माल : हळद पावडर, बेदाणा, मसाले, दिवाळी गिफ्ट बॉक्स
सध्याचे पॅकर : ४ कायम. टेबल ६, प्रत्येकी दोघांची जागा.

अंदाज कशावरून काढला

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर यंदाच्या ऑक्टोबरशी लावून पाहू नये. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती, यंदा अधिक मासामुळे ती ६ नोव्हेंबरला आहे. म्हणून 'धनत्रयोदशीला किती दिवस उरले' या हिशेबाने दिवस जुळवले आहेत : गेल्या वर्षीचे ७ ते १२ ऑक्टोबर म्हणजे यंदाचे २६ ते ३१ ऑक्टोबर. वार मात्र जुळत नाहीत, त्यामुळे सोमवारचा भार वेगळा धरला आहे. रविवारी गोडाऊन बंद असतं, पण ऑर्डर येतच राहतात.

एका ऑर्डरला लागणारा वेळ (लेबल चिकटवून पोत्यात टाकेपर्यंत)

एकच पाऊच : ३ मिनिटं. दोन ते चार वस्तूंचा खोका : ५ मिनिटं. गिफ्ट बॉक्स : ९ मिनिटं.

साध्या दिवसांत गिफ्ट बॉक्स शंभरात १० असतात, सरासरी ४.२ मिनिटं पडतात. दिवाळीच्या तोंडावर ते ३५ होतात आणि सरासरी ५.७ वर जाते. ऑर्डर दुप्पट झाले की माणसं दुप्पट लागतील, हा हिशेब इथेच चुकतो.

एका पॅकरचा दिवस

कुरिअरची गाडी ४.३० ला निघते, म्हणून ९ ते ४.३० हाच वेळ धरला. जेवण-चहाची ४५ मिनिटं वजा जाता ४०५ उरतात. टेप बदलणं, रॅकवरून माल आणणं, लेबल अडकणं यांत १५ टक्के जातात : ३४४. गैरहजेरीसाठी आणखी १० टक्के सोडले की ३१०.

```
=ROUNDUP(B2*C2/310,0)
```

(B : दिवसाचे ऑर्डर, C : सरासरी मिनिटं)

| दिवस | ऑर्डर | मिनिटं | पॅकर |
|---|---|---|---|
| साधा, मंगळ ते शनि | १८० | ४.२ | ३ |
| साधा सोमवार | २९० | ४.२ | ४ |
| १२ ते १७ ऑक्टोबर, नवरात्र | २६० | ४.८ | ५ |
| १९ ते २४ ऑक्टोबर (२० ला दसरा, सुट्टी) | ३४० | ५.२ | ६ |
| सोम. २६ ऑक्टोबर | ६९० | ५.७ | १३ |
| २७ ते ३१ ऑक्टोबर | ४३० | ५.७ | ८ |
| सोम. २ नोव्हेंबर | ६४० | ५.४ | १२ |
| ५ ते ७ नोव्हेंबर | २०० | ४.५ | ३ |

नवरात्रात सूत्र ५ दाखवतं, पण गणित ४.०३ चं आहे. तिथे ४ पुरेत. १९ आणि २१ ऑक्टोबरला साठलेले थोडे ऑर्डर दुसऱ्या दिवशी गेले तरी चालतील, दिवाळी तेव्हा लांब असते.

२६ तारखेचे १३ मात्र मान्य नाहीत. टेबलांवर बाराच माणसं मावतात, आणि एका सोमवारसाठी आणलेल्या नवख्या माणसाला पत्ता आणि वजन तपासायची सवय नसते. चुकीचं पार्सल परत आलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं आपल्यावर पडतं, आणि गिऱ्हाइकाची दिवाळी जाते ती वेगळीच. त्यामुळे माणसं वाढवण्याआधी भारच फोडायचा.

गिफ्ट बॉक्स आधी भरून ठेवणे. गाडी गेल्यावर ४.३० ते ६ मध्ये एका माणसाला कामाची ७५ मिनिटं मिळतात. भरायला ५ मिनिटं, म्हणजे १५ बॉक्स. १२ ते १७ ला चौघांचे रोज ६०, १९ पासून सहा जणांचे रोज ९० : २४ तारखेपर्यंत ८१० तयार. हा साठा २५ च्या आधी फोडायचा नाही. २६ ते ३१ मध्ये आणखी ५४० होतील. २५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबरची गरज सुमारे १,३०० आहे, तेवढं भागतं. भरलेल्या बॉक्सला पाठवताना ४ मिनिटंच लागतात आणि सरासरी ५.७ वरून ३.९५ वर येते. बेदाणा सीलबंद पाऊचमध्येच भरावा, सुटा अजिबात नको. ओल धरली की त्याचे गोळे होतात.

दोन रविवार अर्धा दिवस (२५ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ९ ते १.३०). २५ ला २६० ऑर्डर उरकले की सोमवारी ४३० उरतात. दोन्ही दिवशी ६ पॅकर पुरतात. रविवारी येणाऱ्याला दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी.

निर्णय : १९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर दोन हंगामी पॅकर, एकूण ६. पूर्वी पॅकिंग केलेल्यांनाच आधी विचारावं. १७ तारखेला त्यांना एक दिवस कायम पॅकरच्या शेजारी बसवून शिकवायचं, त्या दिवसाची मजुरी द्यायची. ३ नोव्हेंबरनंतर निघालेलं लांबचं पार्सल धनत्रयोदशीआधी पोचेलच असं नाही, म्हणून त्या दिवशी गाडी गेल्यावर 'दिवाळीपूर्वी' ही पाटी दुकानाच्या पानावरून काढावी.

३.९५ च्या सरासरीने सहा जणांची कमाल रोज ४७० ऑर्डर. त्यापुढे दर ७८ ऑर्डरला एक माणूस वाढवावा. रोज सकाळी ९ वाजता कालचा आकडा याच शीटमध्ये भरायचा. सलग दोन दिवस ४७० ओलांडले तर त्याच दुपारी सातव्या पॅकरला फोन.