मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, नाशिक यांचे न्यायालयात
(दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 37 अन्वये) समरी दावा

वादी : दत्तात्रय वाघमोडे, रा. नाशिक
प्रतिवादी : सुधाकर लोखंडे, रा. नाशिक

दावा : रु. 6,72,000 वसुलीचा

वादीचा अर्ज ऐसाजे,

1. प्रतिवादीने दि. 15/1/2021 रोजी बँकेमार्फत रु. 6,50,000 हातउसने घेतले. पैकी रु. 50,000 फेडले. वादी सावकारी करत नाही.

2. दि. 10/6/2023 रोजी प्रतिवादीने स्वहस्ते लेखी कबुली दिली : "बाकी रु. 6,00,000 मी 31/12/2023 पर्यंत देईन, न दिल्यास द.सा.द.शे. 12 व्याज देईन." अंकातील चूक खोडून तेथेच त्याने पुन्हा सही केली आहे. लेख नुसती पोच नसून पैसे देण्याचा लेखी करार आहे. अस्सल सोबत.

3. नोटीस पोचूनही पैसे दिले नाहीत. 31/12/2024 पर्यंतचे व्याज रु. 72,000.

4. मूळ मुदतीत दिलेल्या कबुलीमुळे मुदत कायदा कलम 18 अन्वये नवी मुदत सुरू झाली. दावा मुदतीत आहे.

5. दावा आदेश 37 खालीलच असून त्याबाहेरील कोणतीही दाद मागितलेली नाही.

6. उभयता नाशिकचे, कबुलीही येथेच लिहिली, मे. कोर्टास अधिकार आहे. कोर्ट फी भरली आहे.

विनंती : रु. 6,72,000, मुद्दलावर 1/1/2025 पासून वसुलीपर्यंत 12 टक्के व्याज व खर्च देववावा. प्रतिवादीने बचावाची परवानगी न मिळवल्यास तात्काळ हुकूमनामा व्हावा.

नाशिक, 6/1/2025
दत्तात्रय वाघमोडे, वादी

सत्यापन : कलम 1 ते 6 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
दत्तात्रय वाघमोडे