भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांजर पाळण्यास परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : १२ जून २०२५
राजारामपुरी, कोल्हापूर

प्रति,
श्री. पाटील काका यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करारनाम्यानुसार घरात कोणताही प्राणी पाळण्यापूर्वी आपली लेखी परवानगी घेणे आवश्यक आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गडहिंग्लजला राहणाऱ्या माझ्या मावशी पुढील महिन्यात मुलाकडे बेंगळुरूला कायमच्या राहायला जात आहेत आणि तिथे त्यांची मांजर नेणे शक्य नाही. तिला मी वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये सांभाळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मनी चार वर्षांची आहे. तिचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले असल्यामुळे पिल्लांचा प्रश्न येणार नाही. रेबीज आणि इतर लसी वेळेवर दिलेल्या असून लसीकरणाच्या पुस्तिकेची प्रत सोबत जोडली आहे. लहानपणापासून ती घरातच वाढली आहे आणि वाळूच्या ट्रेमध्येच शी-शू करते. ती वाळू मी रोज साफ करून पिशवीत बांधून घंटागाडीत देईन. शौचालयात टाकणार नाही, कारण त्याने पाइप तुंबतात.

आपल्या सागवानी दरवाजाची आणि हॉलमधल्या झोपाळ्याची आपल्याला काळजी वाटेल, हे मी समजू शकते. मांजर नखे घासते, ती तिची गरजच असते, त्यामुळे नुसते रागावून ती थांबत नाही. मावशींनी सुंभ घट्ट गुंडाळलेला एक खांब केला आहे आणि मनी उठल्या उठल्या, अंग ताणत, त्यावरच नखे घासते. तो खांब तिच्याबरोबर येईल. तिची नखेही मी नियमित कापीन. बाल्कनीला जाळी लावण्याचा खर्च मी करीन. भिंतीला छिद्रे न पाडता ती कशी बसवायची, हे आपल्याला दाखवूनच काम करून घेईन.

मला सर्वांत जास्त विचार काकूंच्या दम्याचा आहे. मांजराच्या लाळेतील आणि कातडीच्या कोंड्यातील कणांमुळे काहींना त्रास होतो. मनी जिन्यात किंवा खाली येणार नाही याची पूर्ण दक्षता मी घेईन. तरीही उत्तर देण्यापूर्वी काकूंनी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर मी मनीसाठी दुसरे घर शोधीन. त्याबद्दल माझ्या मनात जराही किंतु राहणार नाही.

संभाव्य नुकसानीपोटी सध्याच्या डिपॉझिटव्यतिरिक्त ५,००० रुपये देण्याची माझी तयारी आहे. घर सोडताना काही ओरखडे आढळल्यास दुरुस्तीचा पूर्ण खर्च मी देईन. आपली हरकत नसेल तर सुरुवातीला तीन महिन्यांसाठीच परवानगी द्यावी आणि त्या काळात आपण केव्हाही येऊन घर पाहावे. मावशी जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघणार असल्याने ३० जूनपूर्वी आपला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
मेघना कुलकर्णी
(भाडेकरू, दुसरा मजला)

सोबत : लसीकरण पुस्तिकेची प्रत व मनीचा फोटो