मानद सचिवपदाचा कार्यभार सोपवताना

मुलुंड (पूर्व), दि. 16 मार्च 2025

प्रति,
नवनिर्वाचित मानद सचिव, व्यवस्थापक समिती सदस्य आणि संस्थेचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी 2020 मध्ये आपण माझ्याकडे या संस्थेचे सचिवपद सोपवले, तेव्हा दोन्ही विंगच्या चाळीस बिऱ्हाडांचे दप्तर एका लोखंडी कपाटात होते आणि त्या कपाटाची एकच चावी होती. महिन्याभरातच टाळेबंदी लागली. कामाची सुरुवात हिशेबाच्या वह्यांनी होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती फाटकावर भाजीच्या पिशव्या उतरवून घेण्याने आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची औषधे आणण्याने झाली. त्या दिवसांत आपला वॉचमन गावी न जाता पंपाच्या खोलीत राहिला आणि पाणी सोडण्याची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही, याची नोंद या पत्रात प्रथम करावीशी वाटते.

कार्यभार घेणाऱ्या ताईंना माझे सर्वात मोठे सांगणे नामनिर्देशनाविषयी आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत 'अ' विंगमधील तिसऱ्या मजल्यावरील आपले एक सभासद गेले. त्यांनी बारा वर्षांपूर्वी नामनिर्देशनाचा अर्ज संस्थेकडे दिला होता आणि त्याची पोच त्यांच्या पत्नीजवळ होती. मात्र तो अर्ज कपाटात सापडला नाही, समितीच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख नव्हता आणि नामनिर्देशन नोंदवहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती. परदेशी असलेल्या दोन्ही मुलांची ना-हरकत पत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि हमीपत्र गोळा होऊन भागपत्र त्या बाईंच्या नावावर होईपर्यंत आठ महिने गेले. त्या दर आठवड्याला कार्यालयाच्या दारात उभ्या राहून "काही झालं का हो?" एवढेच विचारत. चूक माझ्या काळातली नव्हती, पण उत्तर देणारा मी होतो, आणि संस्थेचा कागद हरवला की त्याचा भार घरातल्या सर्वात एकाकी माणसावर पडतो हे मी तेव्हा पाहिले.

त्यानंतर मी नोंदवही तपासली, तेव्हा चाळीसपैकी केवळ सतरा सभासदांचे नामनिर्देशन नोंदलेले आढळले. आज ही संख्या छत्तीस आहे. उरलेल्या चार सभासदांना मी स्वतः भेटलो आहे. त्यांपैकी दोघांना घरगुती कारणाने थांबायचे आहे, त्यांना घाई करू नये, पण विसरूही नये. पहिल्या नामनिर्देशनासाठी शुल्क नाही, हे पुष्कळांना अजून ठाऊक नसते. अर्ज आला की तो समितीच्या सभेपुढे ठेवून इतिवृत्तात घ्यावा आणि लगेच नोंदवहीत चढवावा. नामनिर्देशित व्यक्ती आणि कायदेशीर वारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अर्ज स्वीकारतानाच सांगितलेले बरे. संस्था नामनिर्देशित व्यक्तीशी व्यवहार करते, म्हणून वारसांचे हक्क संपत नाहीत. 'आय' आणि 'जे' या दोन्ही नोंदवह्या आता 31 जानेवारीपर्यंत पूर्ण आहेत.

इमारत 1988 सालची असल्याने तीस वर्षांवरील इमारतींसाठी महानगरपालिका अधिनियमातील कलम 353 ब नुसार लागणारी संरचनात्मक तपासणी आपण 2021 मध्ये करून घेतली. अभियंत्याने दुरुस्तीयोग्य असा अभिप्राय दिला होता. त्याप्रमाणे 'ब' विंगच्या पाणटाकीखालील तुळया, दोन्ही जिन्यांचे खांब आणि टेरेसचे वॉटरप्रूफिंग ही कामे 2022-23 मध्ये झाली. दुरुस्ती निधी अपुरा पडल्यामुळे विशेष सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी ठरवावी लागली आणि त्या सभेत पुष्कळ कटुता आली. ज्यांच्या घरात गळती नव्हती त्यांना टेरेसचा खर्च अन्यायाचा वाटला. टेरेस सर्वांचे आहे, हे मी तेव्हा नियम दाखवून सांगितले. आज वाटते की आधी त्या सभासदांना घेऊन पाचव्या मजल्यावरची ओली छते दाखवायला हवी होती. कंत्राटदाराची हमी पाच पावसाळ्यांची आहे, त्यांपैकी दोन गेले आहेत. मेअखेरीस टेरेसची पाहणी करून छायाचित्रे ठेवावीत, म्हणजे हमीचा दावा करताना अडचण येणार नाही.

मेंटेनन्सची थकबाकी आता तीन सदनिकांपुरती आहे. उपविधींप्रमाणे सरळव्याज वार्षिक 21 टक्क्यांपेक्षा अधिक लावता येत नाही; आपल्या सर्वसाधारण सभेने 18 टक्के ठरवले आहे आणि तेच बिलात येते. तिघांपैकी एका कुटुंबात दीर्घ आजारपण असून त्यांनी लेखी हप्ते मागितले आहेत. त्यांचे नाव सूचनाफलकावर लावू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. बँकेतील सह्या बदलण्याचा ठराव झाला असून खजिनदारांनी अर्ज दिला आहे. अग्निशमन यंत्रणेचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारीत सादर केले. पुढचे जुलैमध्ये द्यायचे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची 30 सप्टेंबरची मुदत आपण एकदाही चुकवलेली नाही, फक्त लेखापरीक्षकांना कागद एप्रिलमध्येच द्यावेत.

माझ्याकडून राहिलेले काम म्हणजे अभिहस्तांतरण. इमारत उभी राहून सदतीस वर्षे झाली तरी मालमत्ता पत्रकावर जमीन आजही मूळ मालकाच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा नमुना सातमधील अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करण्यासाठी बहुतेक कागद जमले आहेत; दोन सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे आणि त्यांची सूची दोन मात्र मिळालेली नाहीत, कारण पहिल्या खरेदीदारांनी घरे विकताना मूळ कागद पुढे दिले नाहीत. दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेण्याचा अर्ज तयार आहे. यासाठी मी पहिली दोन वर्षे काहीच केले नाही आणि त्याला टाळेबंदीचे कारण पुरेसे नव्हते. याबद्दल मी सभासदांची क्षमा मागतो. पुनर्विकासाची विचारणा करायला अलीकडे माणसे येऊ लागली आहेत. जमीन संस्थेच्या नावावर नसताना त्यांच्याशी बोलणे म्हणजे आपली बाजू आधीच दुबळी करणे होय. बोलायचे झाल्यास शासनाच्या 4 जुलै 2019 च्या, कलम 79 अ खालील आदेशातील क्रमानेच आणि सर्वसाधारण सभेपुढेच बोलावे. जिन्यात किंवा कोणाच्या दिवाणखान्यात कोणीही समितीच्या वतीने शब्द देऊ नये.

पाच वर्षांत काहींशी माझे वाद झाले. पार्किंगच्या चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी मी एका ज्येष्ठ सभासदाशी सर्वांसमोर आवाज चढवून बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो होतो, पण जे सर्वांसमोर झाले त्याची माफीही सर्वांसमोर मागायला हवी, म्हणून ती येथे मागतो.

ताई, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता कार्यालयात यादीप्रमाणे दप्तर मोजून घ्यावे आणि दोन्ही प्रतींवर आपल्या दोघांच्या व अध्यक्षांच्या सह्या व्हाव्यात. कपाटाच्या आता दोन चाव्या आहेत. एक आपल्याकडे, दुसरी खजिनदारांकडे राहील. अभिहस्तांतरणाची फाइल हिरव्या फितीची आहे, वरच्याच कप्प्यात ठेवली आहे. शोधाच्या अर्जासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना मला सांगावे, मी बरोबर येईन.

आपला नम्र,
मावळता मानद सचिव
'अ' विंग, दुसरा मजला