तेरावी कडी

आजीनं चिंचेचे तेरा गोळे ताटलीत मांडले. "दिवाळीच्या आत कड्या लखलखीत झाल्या पाहिजेत. एका कडीला एक गोळा. उगं जास्तीचा मागायला यायचं नाही."

मुक्ता मोजत निघाली. दर्शनी दाराच्या दोन. काकाला रात्री उशीर झाला की तो डावीकडची वाजवायचा आणि आजोबा जागे असूनही उठायचे नाहीत. तिसरी देवघराची, अगदी बुटकी. मुक्ता दोन वर्षांची असताना हिच्यात तिचं बोट अडकलं होतं. आईनं रडायला सुरुवात केली, बाबा करवत शोधू लागले. आजीनं निरांजनातलं तूप लावलं आणि बोट सुळकन बाहेर. देवाला त्या दिवशी अंधारात बसावं लागलं, असं आजी अजून सांगते.

माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली पटापट झाल्या. आजोबांच्या खोलीची कडी मात्र कितीही घासली तरी पिवळीच. चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी होते ते, त्यांच्या हाताची हळद बसलीय म्हणे.

"अगं, पितळ पिवळंच असतं," आजोबा पेपरामागून म्हणाले.

माडीवरची बारावी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई गावभागात शिरली, आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा सगळे या खोलीत होते. मुक्ता चार वर्षांची. होडी आली तरी ती ही कडी सोडेना. बाबांनी एकेक बोट सोडवलं होतं.

खाली आली तर ताटलीत एक गोळा उरलेला.

"बाराच आहेत, आजी."

"तेरा. नीट मोज."

तिनं परत मोजल्या, या वेळी उलट्या. बाराच.

आजोबांनी पेपर खाली केला. "परसदारची धरली असेल तिनं."

परसदाराला आता प्लायवूडचं दार आहे, स्टीलचं हँडल. जुनं सागवानी दार पुरानं नेलं, कडीसकट. "माझी आई फार बोलायची तिला," आजोबा हळूच म्हणाले. "मग ही त्या कडीला धरून नदीकडं बघत उभी राहायची. मी बघायचो. जायचो नाही."

मुक्ता गोळा घेऊन परसदारी गेली. स्टील घासून पाहिलं. त्याला काही फरक पडला नाही, हात तेवढे चिकट झाले. मग पितळी कडी जिथं असायची तिथं, हवेतच, तिनं मूठ वळून पाहिली. फार वर होती बहुतेक.

"आण तो इकडं," आजी मागून म्हणाली. "वाया कशाला घालवायचा." तिनं हातातला गोळा घेतला, वरचा मळकट भाग काढला आणि उरलेली चिंच आमटीत कोळली.

रात्री आमटी चांगलीच आंबट झाली होती. आजोबांनी दोनदा वाढून घेतली.