बायोडाटातील दुरुस्ती: मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट पदासाठी अर्ज (संदीप माने)

दि. 12 जून 2025

नमस्कार देशमुख मॅडम,

मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टच्या जागेसाठी सोमवारी, 9 जूनला, पाठवलेल्या माझ्या बायोडाटात एक दुरुस्ती आहे.

अनुभवाच्या पहिल्याच ओळीत ‘मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, ऑगस्ट 2021 पासून’ असं आलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये मी सध्याच्या कारखान्यात रुजू झालो ते लॅब केमिस्ट म्हणून. मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टची ऑर्डर 1 ऑक्टोबर 2023 ची आहे. तीन पानांचा मजकूर दोन पानांत बसवताना दोन ओळींची एक झाली आणि वरचं पद खालच्या तारखेला चिकटलं.

फाइल उघडायला लागू नये म्हणून दुरुस्त मजकूर इथेच देतो:

मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, सध्याचा कारखाना: ऑक्टोबर 2023 पासून (हंगाम 2023-24, 2024-25)
लॅब केमिस्ट, सध्याचा कारखाना: ऑगस्ट 2021 ते सप्टेंबर 2023 (हंगाम 2021-22, 2022-23)
लॅब केमिस्ट, आधीचा कारखाना: ऑक्टोबर 2017 ते जून 2021 (चार हंगाम)

एकूण आठ हंगाम होतात, तो आकडा आधीच्या प्रतीतही बरोबर होता. शिक्षण, गाळप क्षमता, पगाराची अपेक्षा यांत काही बदल नाही.

एक गोष्ट आपल्या लक्षात येईलच, तरी लिहितो. जाहिरातीत या पदावरचे किमान तीन गळीत हंगाम मागितले आहेत, माझे दोन भरतात. कारखान्याला ते चालत असेल तर अर्ज पुढे ठेवावा. चालत नसेल आणि त्यांच्याकडे लॅब इनचार्जची जागा निघणार असेल, तर तिथे माझा विचार झालेला मला आवडेल.

सुधारित प्रत सोबत आहे: Sandip_Mane_Biodata_12June.pdf. आधीची प्रत कृपया काढून टाकावी.

आपला,
संदीप माने



दि. 12 जून 2025

नमस्कार संदीप,

मेल मिळाला. बरं झालं आजच कळवलंत. तुमचं नाव मंगळवारीच कारखान्याकडे गेलंय, पण मुलाखतीची यादी अजून पक्की व्हायची आहे. नवी प्रत आज संध्याकाळपर्यंत पाठवते आणि आधीची रद्द समजा असं त्यांना लिहिते.

तीन हंगामांची अट त्यांच्या चीफ केमिस्टनी घातलेली आहे. ती ते किती ताणतील हे मी आत्ता सांगू शकत नाही. मागच्या भरतीत एका हंगामाची सूट दिली होती, पण ती दुसऱ्या पदासाठी.

दोन गोष्टी कळवा. बढतीच्या ऑर्डरची झेरॉक्स आहे का? आणि 2022-23 मध्ये तुम्ही पॅनवर शिफ्ट सांभाळली होती, असं आपण फोनवर बोललो तेव्हा तुम्ही म्हणाला होता. ते महिने धरून ‘ऑक्टोबर 2022 पासून’ असं लिहिता येईल का? बरेच जण लिहितात. तसं केलंत तर तीन हंगाम होतील.

लॅब इनचार्जचं मी लक्षात ठेवते. ती जागा अजून निघालेली नाही.

प्रज्ञा देशमुख



दि. 13 जून 2025

नमस्कार मॅडम,

लगेच कळवल्याबद्दल आभार.

ऑर्डरची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिच्यावर पद आणि तारीख दोन्ही आहे. आधीच्या कारखान्याचा अनुभवाचा दाखलाही जोडला आहे, म्हणजे तिन्ही ओळींचे कागद एकाच मेलमध्ये राहतील.

2022-23 चं मात्र बायोडाटात नको. तेव्हा काय झालं होतं ते सांगतो. जानेवारीत आमचे एक शिफ्ट केमिस्ट आजारी रजेवर गेले आणि हंगाम संपेपर्यंत रात्रपाळी माझ्याकडे आली. क्लिअर ज्यूसचा पीएच, सिरपचा ब्रिक्स, सेंट्रिफ्यूगलवर साखर कशी उतरतेय हे सगळं मी बघत होतो. मळीची प्युरिटी चढली की सकाळी चीफ केमिस्टचा फोन मलाच यायचा. पण पॅनमध्ये ग्रेनिंग आमचे जुने पॅनमनच करायचे. काचेच्या पट्टीवर दाणा कसा बघायचा, पाणी कधी मारायचं, हे मी त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलो. शिवाय लॅबचा रोजचा रिपोर्ट माझ्याच सहीने जात होता आणि पगारही लॅब केमिस्टचाच होता. तोंडी सांगितलेली ड्यूटी होती, कागद एकही नाही. ‘ऑक्टोबर 2022 पासून’ लिहिलं तर सोबतची ऑर्डरच त्याला खोटं पाडेल. आणि ऑर्डर नसती तरी ते महिने जानेवारीपासूनचे, ऑक्टोबरपासूनचे नव्हेत.

कारखान्याला हे कळायला हवं असं आपल्याला वाटलं, तर आपल्या पत्रात ‘2022-23 च्या हंगामात जानेवारीपासून रात्रपाळीला प्रोसेसचं काम पाहिलं, पद लॅब केमिस्टचंच’ एवढी ओळ घालावी, माझी हरकत नाही. मुलाखतीत विचारलं तर मी हेच सांगेन. खात्री करायची झाली तर आमच्या तेव्हाच्या चीफ केमिस्टना विचारता येईल. ते आता निवृत्त आहेत. त्यांची परवानगी घेऊन नंबर फोनवर देतो, मेलमध्ये नको.

फक्त सध्याच्या कारखान्यात इतक्यात चौकशी होऊ नये, ही विनंती. अर्जाचं मी इथे अजून कुणाला बोललेलो नाही, आणि साखर कारखान्यांत बातमी उसाच्या ट्रॅक्टरच्याही आधी पोचते हे आपण जाणताच.

मुलाखत ठरली तर पुढच्या आठवड्यात कुठलाही दिवस चालेल. सध्या ओव्हरहॉलिंग चालू आहे, पॅनच्या ट्यूब बदलतायत, पण एका दिवसाची रजा मिळायला अडचण नाही. फक्त आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळलं तर बरं, कारण मला इथून रात्रीच्या एसटीने निघावं लागेल. मूळ कागदपत्रं आणि पासपोर्ट फोटो घेऊन येतो. आणखी काही लागत असेल तर कळवावं.

आपला,
संदीप माने