बेअरिंग हाऊसिंगचे ब्लोहोल: पाऊस नाही, संध्याकाळनंतरची गरम वाळू वाटतेय

नमस्कार शिंदे साहेब,

आपली ओळख नाही, नंबर मला तुमच्या १८ किलोच्या बेअरिंग हाऊसिंगचं मशीनिंग करणाऱ्या शॉपवाल्यांनी दिला आणि हे लिहितोय हे त्यांना सांगूनच लिहितोय. मी विनायक, फाउंड्रीत १९ वर्षं काढली, सुरुवात सँड लॅबमध्ये बादल्या उचलण्यापासून, गेली चार वर्षं स्वतंत्र काम करतो, फक्त वाळू आणि रिजेक्शन. मेसेज लांब झालाय, चहाच्या वेळी वाचा.

मागच्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी शिरोलीत त्यांच्याकडं गेलो होतो तर दाराशी लाल खडूनं फुल्या मारलेला ढीग दिसला. सवयच आहे, बसलो खाली आणि एकेक पीस फिरवून बघितला. वरच्या फेसवर कट घेतला की मटारच्या दाण्याएवढं भोक उघडं पडतंय, आतून गुळगुळीत, चकचकीत. श्रिंकेज असतं तर आत खरखरीत दिसलं असतं, स्लॅग असती तर भोकात काहीतरी अडकलेलं दिसलं असतं. हा सरळ गॅस आहे. आणि बोअरमध्ये एकही नाही, सगळे कोप साइडला, म्हणजे कोअरवर माझा पहिला संशय नाही.

मशीनशॉपवाले म्हणाले की तुमच्याकडून उत्तर आलंय, पाऊस आहे, वाळू ओली होतेय, ऑगस्ट संपला की ठीक होईल. पटण्यासारखं आहे, पण त्यांच्या रजिस्टरला मे महिन्याचाही लॉट होता आणि त्यातही हेच. मग मी हीट कोड उतरवून काढले. तीन लॉट मिळून ४२० पीस, त्यातले ३१ मशीनवर गेल्यावर फेकले. ३१ पैकी २४ वर बी शिफ्टचा कोड, आणि त्या २४ मधले १९ त्या शिफ्टच्या शेवटच्या तीन-चार हीटचे. आता तुम्ही म्हणाल रात्री माल जास्त निघत असेल म्हणून रात्रीचं रिजेक्शन जास्त, तर चांगले पीसही मोजले, दोन्ही शिफ्टचा माल जवळपास निम्मा-निम्मा आहे. पाऊस काय घड्याळ बघून पडत नाही साहेब.

अजून एक. मार्चच्या जुन्या पीसवर कॅव्हिटी नंबर नाही, मेपासूनच्या पीसवर १ आणि २ आहे. म्हणजे मध्ये कधीतरी पॅटर्न एका कॅव्हिटीचा दोन कॅव्हिटीचा केलाय, बरोबर ना? निर्णय चांगलाच आहे, मोल्डिंगचा वेळ वाचतो, मीही हेच केलं असतं. पण बॉक्स तोच असेल तर आत मेटल दुप्पट आणि वाळू उलट थोडी कमीच. ती वाळू नॉकआऊटला जास्त गरम होऊन परत येते, सकाळी रात्रभर गार झालेल्या वाळूवर काम सुरू होतं म्हणून कळत नाही, आणि दिवसभर तीच वाळू फिरत राहिली की संध्याकाळी हॉपरमधली वाळू हाताला चटका देते. साधारण ५० डिग्रीच्या वर गेली की मलरमध्ये टाकलेलं पाणी मोल्डिंगपर्यंत येताना उडतं. मोल्डर म्हणतो वाळू कोरडी आहे, मलरवाला अजून पाणी सोडतो, बेंटोनाईटला ते नीट लागत नाही, आणि गरम वाळूची वाफ गार पॅटर्नवर आणि बॉक्समध्ये बसवलेल्या कोअरवर धरते. त्यावर मेटल ओतलं की गॅस कुठं जाणार, वरच जाणार. यात रात्रीच्या पोरांचा काही दोष नाही हो, ते बिचारे हाताला जे लागतंय त्याप्रमाणं पाणी सोडतायत.

हा अंदाज आहे, मी तुमची वाळू बघितलेली नाही. रात्री लॅडल नीट तापवत नसतील किंवा हीट काढल्यावर ओतायला उशीर होत असेल तरी असा माल निघू शकतो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर घ्या. तीन दिवस, सकाळी ९, दुपारी २, रात्री ८ आणि ११, मलरमध्ये जाणाऱ्या वाळूचं टेंपरेचर आणि मोल्डिंगवरच्या वाळूचं मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टिबिलिटी, एवढं एका कागदावर लिहायला सांगा. बऱ्याच ठिकाणी वाळूची टेस्ट सकाळी एकदा होते आणि लॅबवाला सहाला घरी, त्यामुळं रिपोर्ट कायम फर्स्ट क्लास असतो. रात्रीचं रीडिंग सकाळसारखंच आलं तर मी चुकलो, मला कळवा, उरलेली दोन कारणं कशी तपासायची ते फोनवर सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

पैशाचं म्हणाल तर माझा ढोबळ हिशोब असा: पीसला १८९० रुपये धरले (१०५ रुपये किलोनं), स्क्रॅप म्हणून परत भट्टीत गेला की ७२० चा, वर मशीनिंगचं डेबिट १४० च्या आसपास. पीसमागं तेराशे, ३१ पीसला चाळीस हजार. तुमचे खरे भाव तुम्हालाच माहीत. यात टनाला सहाशेच्या आसपास युनिट जाळून तेच मेटल परत वितळवायचं वीजबिल धरलेलंच नाही. आणि मशीनशॉप सध्या गप्प आहे, पण ढीग दाराशी ठेवलाय, तुम्ही समजून घ्या.

मी हीच चूक स्वतः केलीय म्हणून एवढं लिहितोय. नोकरीत असताना एका फाउंड्रीत, कुठली ते राहू दे, आठ महिने बेंटोनाईटचे सप्लायर बदलत बसलो, प्रत्येक नवा माल आला की चार दिवस बरं वाटायचं. शेवटी एका रात्री साडेदहाला मीच हॉपरमध्ये हात घातला आणि पटकन बाहेर काढला. तोपर्यंत सगळ्या ट्रायल मी दिवसा घेतल्या होत्या.

नवा सँड कूलर घ्या असं सांगायला येत नाहीये, ते शेवटचं. आधी नॉकआऊटनंतर लगेच रिटर्न बेल्टवर मोजून पाणी आणि वाळू हलवून हवा, कारण एक टक्का पाणी उडालं की वाळू साधारण २५ डिग्री उतरते, हे काम मलरमध्ये करायला गेलं की उशीर झालेला असतो. दुसरं, या पॅटर्नचे बॉक्स सलग न लावता हलक्या जॉबमध्ये मिसळून लावायचे. सिस्टीममध्ये एकूण वाळू किती फिरतेय तेही बघावं लागेल, ते आल्याशिवाय बोलणं बरोबर नाही.

येत्या गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री ८ ते ११ मी येऊ शकतो, थर्मामीटर आणि टेस्टिंगचं सामान माझं. त्या तीन तासांचे पैसे घेत नाही. पुढं काम करावंसं वाटलं तर सहा आठवड्यांचं काम, फी ६०,०००, अर्धी सुरुवातीला आणि अर्धी या हाऊसिंगचं मशीनवरचं रिजेक्शन सलग दोन लॉट २ टक्क्यांच्या खाली आलं तरच. नाही आलं तर उरलेली अर्धी सोडली.

ढिगातल्या आठ पीसचे फोटो खाली पाठवतोय, हीट कोड वाचता येईल असे काढलेत. गुरुवार की शुक्रवार तेवढं कळवा, आणि सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटायचं तपासणीला आलाय.

विनायक
(फोन याच नंबरवर, संध्याकाळी ६ नंतर केला तर बरं)